खोटे सांगणाऱ्याचे क्रियापद

जत्रेला महिनाभर उरला असताना शेजारच्या गावातील तिघे तरुण एका संध्याकाळी माझ्या रामनगरच्या घरी आले. हातात दोनशे पानी वही होती आणि तिच्यात त्यांच्यापैकी एकाने लिहिलेले तीन अंकी नाटक. धरणाखाली गाव गेलेल्या एका कुटुंबाची ती कथा होती. माझ्याकडून त्यांची अपेक्षा अगदी मर्यादित होती. "वकीलसाहेब, भरपाईचा भाग कायद्याला धरून आहे का, तेवढं बघा. बाकी आमचं आम्ही बसवतो."

कायद्याचा भाग पाहायला अर्धा तास पुरला. वही मात्र मी रात्री पुन्हा उघडली, कारण दुसऱ्या अंकातील एक प्रवेश मनातून जाईना. थोरल्या भावाने न्यायालयाने वाढवून दिलेल्या भरपाईची रक्कम परस्पर उचलली आहे. घरी आई विचारते, "पैशांचं काय झालं रे?" तो म्हणतो, "अजून काही नाही, साहेब रजेवर आहे." आई आत जाते. मग थोरला प्रेक्षकांकडे वळतो आणि छातीवर हात ठेवून सांगतो की अरेरे, मी आईला फसवले, पैसे तर तीन दिवसांपूर्वीच माझ्या खिशात आले.

त्या स्वगताने लेखकाची अडचण दूर होते, पण प्रवेश तिथेच संपतो. प्रेक्षकाला सत्य सांगून टाकले की त्याला करण्यासारखे काही उरत नाही. तो खोटे ऐकतो, खुलासा ऐकतो आणि पुढच्या प्रवेशाची वाट पाहतो. याउलट सत्य जर त्याने स्वतः हेरले, तर तो त्या घरात शिरतो. आईला सावध करावे असे त्याला वाटू लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणांना निरोप धाडला की कायदा बरोबर आहे, पण खोटे नीट जमलेले नाही.

खोटे ऐकणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो अधिकार किती तोकडा आहे, हे आधी सांगितले पाहिजे.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 280 होते. साक्षीदाराची साक्ष नोंदवताना त्याच्या वागण्याबद्दल काही विशेष जाणवले, तर न्यायाधीशाने तेही नोंदवावे, असे ते कलम सांगत असे. वकिलीच्या पहिल्या वर्षांत मी या गोष्टीवर फार विसंबून होतो. जमिनीच्या एका वादात विरुद्ध बाजूची साक्षीदार एक वयस्क बाई होती. पिंजऱ्यात ती थरथरत होती, पदराने पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती आणि प्रत्येक उत्तराआधी अडखळत होती. ती खोटे बोलते आहे, असा युक्तिवाद मी आवेशाने केला आणि तो मानला गेला. पुढे कितीतरी महिन्यांनी दुसऱ्याच कामाच्या कागदांत तिचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचा पुरावा माझ्याच हाती आला. ती कोर्टाला भ्यायली होती, प्रश्न ज्या भाषेत विचारले जात होते ती तिला पुरती समजत नव्हती, आणि तिच्या थरथरण्याचा एवढाच अर्थ होता.

त्याच सुमारास दुसऱ्या दाव्यातील एक साक्षीदार मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. दिसायला शांत, आवाज स्थिर. वादातील विहीर आपण कधी पाहिलीच नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. मी विषय बदलला, बरेच इकडचे तिकडचे विचारले आणि मग सहज म्हणालो, "म्हणजे विहीर किती खोल आहे हे तुम्हाला ठाऊक नाही." तो म्हणाला, "नाही साहेब. मी काय तिच्या पायऱ्या मोजल्या नाहीत." विहिरीला पायऱ्या आहेत, हे त्या दिवशी कोर्टात कोणीही उच्चारले नव्हते. आमच्या भागातील बहुतेक विहिरींना त्या नसतातही.

थरथरणाऱ्या बाईचे सारे शरीर बोलत होते आणि त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. या माणसाचे शरीर गप्प होते आणि एका शब्दाने त्याला उघडे पाडले. माणसे निव्वळ वागण्यावरून खोटे ओळखण्यात किती यशस्वी होतात, याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित अभ्यास चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी निघाली सुमारे 54 टक्के. नाणे उडवून निर्णय घेतला असता तरी 50 टक्के हाती लागलेच असते.

मग रंगमंचावर घाम पुसणारा, नजर चुकवणारा, चाचरणारा खोटारडा आपल्याला पटतो तरी कसा? खरे तर तो पटत नाही, फक्त ओळखू येतो. ती एक ठरलेली खूण झाली आहे, दशावतारात राक्षस आला की वाद्ये चढावीत तशी. तो घाम नटाचा असतो, लेखकाचा त्यात वाटा नसतो. लेखकाच्या हाती असते ती विहिरीच्या पायऱ्यांसारखी गोष्ट. पात्र स्वतःचे खोटे उत्तम रीतीने सांभाळत असते आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात न येणाऱ्या फटीतून सत्य बाहेर येते.

मराठी नाटकात याचा सर्वांत बारीक धडा मला विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये मिळाला. 1967 मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम केले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एका खेड्यात नाट्यप्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला रचतात आणि गंमत म्हणून बेणारेबाईंना आरोपी करतात. या खेळातून तिचे खरे आयुष्य उघडे केले जाते. वकील म्हणून हे नाटक वाचताना मला सुखात्मे या अशिलांविना वकिलाची लाज वाटते. पण शिकावे ते बेणारेकडून.

नाटकाच्या आरंभी ती सामंत या गावातल्या साध्या माणसाबरोबर सभागृहात येते. बाकीचे अजून पोचायचे आहेत. सामंत भाबडा आहे, त्याने काही खोचक विचारलेले नाही. बेणारे आपल्या शाळेबद्दल सांगू लागते: आपण किती वक्तशीर, मुलांना आपण किती आवडतो. बोलता बोलता ती शाळेत आपल्याविरुद्ध चाललेल्या चौकशीवर येते आणि माझे आयुष्य माझे आहे, कोणाला काय अधिकार, अशा आशयाचे बोलू लागते. हे सारे हसत, खेळकरपणे. सामंताला त्यातले काही उमगत नाही. प्रेक्षकालाही अजून काही ठाऊक नाही. पण त्याच्या मनात एक खडा पडतो, की हिला कोणी विचारलेच नव्हते, मग ही बचाव कोणापुढे करते आहे?

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, ही खोटे लिहिण्याची पहिली युक्ती. येथे बेणारे खोटे बोलतही नाही, केवळ लपवते आहे. पण लपवणाऱ्या माणसाच्या डोक्यात फिर्यादी सतत उभा असतो आणि तो मधूनच त्याला उत्तर देऊन बसतो.

पुढे याच सामंताला साक्षीदार करतात. त्याला काहीच माहीत नसल्यामुळे तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने एक साक्ष रचतो: आपण प्राध्यापक दामले यांच्या खोलीवर गेलो आणि बंद दाराआडून एका बाईचे बोलणे ऐकले. सगळ्यांना माहीत आहे की हे पुस्तकातले आहे. बेणारेने हसून सोडून दिले असते, तर काहीच झाले नसते. पण ती उसळते, हे सारे खोटे आहे म्हणून आकांताने सांगू लागते. सामंत गोंधळतो, कारण ते खोटेच आहे, त्यानेच तर रचले आहे. जे खोटे असल्याबद्दल कोणाचाही वाद नाही, ते कोणी जिवाच्या आकांताने नाकारू लागले की ऐकणाऱ्याला वेगळेच कळते. तेंडुलकरांनी येथे तिच्या तोंडी एकही कबुली घातलेली नाही.

हे शक्य होते त्याचे एक कारण त्या आधीच्या पानांत आहे. बेणारे कशी हसते, इतरांची कशी टर उडवते, गाणी कशी गुणगुणते, हे आपण बराच वेळ पाहिलेले असते. तिची रोजची चाल आपल्या ओळखीची झालेली असते, म्हणून ती मोडली की आपल्याला जाणवते. कोर्टात माझी चूक नेमकी तेथे झाली होती. त्या बाईला मी घरी, शेतात, शेजारणीशी बोलताना कधी पाहिले नव्हते. तिची रोजची चाल माहीत नसताना मी तिच्या थरथरण्याचा अर्थ लावायला निघालो होतो.

उलट बाजूचे उदाहरणही मराठीतच आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये (रंगभूमीवर 1919) मरणासन्न सिंधू पोलीस अंमलदारापुढे खोटे सांगून दारूड्या नवऱ्याला वाचवते. आम्हा वकिलांच्या दृष्टीने ती मृत्यूपूर्व जबानी आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 ने अशा जबानीला खास स्थान दिले, त्यामागे मरणारा माणूस खोटे बोलत नाही हीच धारणा होती. गडकऱ्यांनी नेमक्या त्या क्षणी सिंधूला खोटे बोलायला लावले. पण तिच्या खोट्यात कोठेही फट नाही आणि ती असूही नये, कारण सुधाकराने काय केले ते प्रेक्षकाने आधीच पाहिले आहे. तेथे सत्य हेरायचे नसून खोट्याची किंमत मोजायची असते. म्हणून लेखकाने प्रथम हे ठरवावे की प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक आहे, की त्याला ते या प्रवेशात सापडायचे आहे. आधीच ठाऊक असेल तर पात्राला निर्दोष खोटे बोलू द्यावे. सापडायचे असेल तरच फट ठेवावी.

आमच्या जत्रेच्या नाटकात ते सापडायचे होते. त्या तरुणांना घेऊन मी प्रवेश पुन्हा लिहायला बसलो आणि तेथे मला माझे वडील आठवले.

आमचे मूळ गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली आहे. काळी नदीवरील ते धरण 1987 मध्ये पूर्ण झाले, पण माणसे त्याआधीच हलली. तालुक्याचे सुपा गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि आमच्यासारखी कितीतरी घरे रामनगरला वसली. मी तेव्हा शाळकरी होतो. नव्या जागी वडील सगळ्यांना एकच सांगत: "झालं ते बरंच झालं. तिकडे काय होतं? रस्ता नाही, दिवा नाही. मला तर आठवणसुद्धा येत नाही." हे ते इतक्या सहजपणे म्हणत की पाहुण्यांना पटे. मलाही पटले होते.

पण जुन्या घराचा विषय निघाला की त्यांच्या वाक्यातले क्रियापद बदले. "आपल्या घराला मागं पडवी आहे ना," असे ते म्हणत. "फणस विहिरीच्या उजव्या हाताला आहे." घर जाऊन पंधरा वर्षे लोटली, तरी ते 'आहे'चे 'होते' झाले नाही. जुन्या घराची चौकट बुटकी होती, वाकूनच आत जावे लागे. रामनगरच्या घराची चौकट चांगली उंच आहे. तरीही वडील अखेरपर्यंत दारातून आत येताना मान खाली घालत. आम्ही मुले हसायचो. आई कधी हसली नाही आणि वाकायची गरज नाही असेही तिने त्यांना कधी सांगितले नाही. ताट वाढताना ती क्षणभर थांबे, एवढेच.

खोटे बोलणारा नामे आणि आकडे सांभाळतो, कारण तेथेच पकडले जाण्याची भीती त्याला असते. क्रियापदाच्या काळावर तो पहारा ठेवत नाही. मराठीत तर असे कोपरे पुष्कळ आहेत. 'कोण आले होते' याला 'मित्र' असे उत्तर देणाऱ्याच्या तोंडून दोन वाक्यांनंतर 'ती म्हणाली' निघून जाते, कारण आपले क्रियापद आणि सर्वनाम लिंग लपवू देत नाही. 'कप फोडला' म्हणायचे टाळून मूल 'कप फुटला' म्हणते. कर्ता वाक्यातून पसार होतो, पण त्याचे पसार होणेच ऐकणाऱ्याला दिसते. 'आम्ही' म्हणायच्या जागी चुकून 'आपण' निसटले, तर समोरच्या माणसालाही त्या कटात ओढले जाते. परभाषेतले नाटक समोर ठेवून लिहिताना हे हाती लागत नाही. ते आपल्या घरातील बोलण्यातच शोधावे लागते.

आता तो प्रवेश. पहिल्या मसुद्यात मी उत्साहाच्या भरात थोरल्याकडून तीन चुका करवल्या. आईने "हजार-पंधराशे तरी मिळतील का रे?" असे विचारताच तो नेमका आकडा सांगून बसे. महिनाभर कचेरीकडे फिरकलो नाही म्हणे आणि लगेच खिडकीवरच्या कारकुनाची नक्कल करी: "नाळे बन्नी, नाळे बन्नी!" आणि शेवटी क्रियापद चुके. तालमीत मुले खो खो हसली. प्रसंग फार्साचा झाला. 'नाळे बन्नी'चे मला वाईट वाटले. उद्या या, हे कन्नड शब्द ऐकून परतलेला माणूस आपल्या भागात घरोघरी आहे. पण ती नक्कल ठेवली असती, तर आई आणि धाकटा भाऊ यांना ती न कळणे अशक्य होते. प्रेक्षकाला जे दिसते ते मंचावरील माणसाला का दिसत नाही, या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती फट नव्हे, ते भगदाड. समोरच्या पात्राला मूर्ख करून मिळवलेले सत्य प्रेक्षकाच्या कामाचे नसते.

मग आम्ही मागे गेलो. पहिल्या अंकात थोरल्याची रोजची चाल पक्की केली. तो एका शब्दात उत्तर देणारा माणूस. आईशी प्रेमाने बोलणे त्याला जमत नाही. वडिलांची लाकडी मुठीची छत्री तो कोणालाही देत नाही, धाकट्याने एकदा हात लावला तर ओरडतो. यातले काहीही पैशांशी संबंधित नाही. प्रेक्षक ते पाहून विसरून जातो आणि ते तसेच व्हायला हवे.

दुसऱ्या अंकात पाऊस आहे. थोरला भिजून आत येतो. पुढचे संवाद शेवटी असे ठरले:

"छत्री कुठाय?"

"लोंढ्याच्या बाजारात राहिली. मिळेल."

"जेवायला वाढते. काय म्हणतात कचेरीतले?"

"साहेब रजेवर आहे. दिवाळीनंतर बघू म्हणतात. तू नको काळजी करू, आई. तू दमलीस का? मी घेतो वाढून."

"वाढते मी."

"पैसे आले की पहिल्यांदा तुझ्याच हातात ठेवणार होतो मी."

"घे. आमटी निवते."

येथे खोटे कोणते, तर 'साहेब रजेवर आहे'. ते एकदम चोख आहे, त्याला आम्ही हात लावला नाही. फट त्याच्या आजूबाजूला आहे. लाडक्या छत्रीबद्दल तो फक्त 'मिळेल' म्हणतो. एका शब्दाचा माणूस एकदम मऊ होतो, आईला दमलीस का विचारतो. आणि 'ठेवीन' म्हणायच्या जागी 'ठेवणार होतो' म्हणतो. पुढे व्हायच्या गोष्टीला त्याने भूतकाळात ढकलले, कारण त्याच्या मनात ती होऊन गेली आहे. बोलण्याच्या ओघात हे कानावरून निसटू शकते. आईच्या कानावरूनही निसटले असेल, असे मानायला जागा राहते. तेवढी जागा ठेवावीच लागते.

पुढच्या प्रवेशाच्या आरंभी शेजारी ती छत्री घेऊन येतो. कचेरीच्या खिडकीला अडकवलेली दिसली, मूठ ओळखली म्हणून आणली, असे तो आईला सांगतो आणि जातो. ज्याला आधी शंका आली होती त्याची खात्री पटते, ज्याला आली नव्हती त्याला मागचे सारे आठवते. आई छत्री खुंटीला टांगते. ती काही बोलत नाही आणि तिने बोलावे अशी एक ओळ लेखकाने लिहिली होती, ती आम्ही खोडली.

बसवताना दोन अडचणी आल्या. थोरल्याचे काम करणारा मुलगा हुशार, त्यामुळे तो 'होतो'वर जोर देई आणि प्रेक्षकाकडे पाही. लपवलेली वस्तू दाखवण्याचा मोह नटाला होतोच. मी त्याला सांगितले की तुझ्या पात्राला आपण चुकलो हे माहीतच नाही. मग जोर कोण देते आहे? दुसरी अडचण होती थांबण्याची. खोटे बोलण्याआधी तो थांबे. मनाशी ठरवून आलेला माणूस खोटे बोलायला थांबत नाही, उलट खरे उत्तर आठवायलाच माणसाला वेळ लागतो. तो थांबा आम्ही त्याच्याकडून काढून आईला दिला. 'ठेवणार होतो' या शब्दांनंतर तिच्या हातातील पळी आमटीवर किंचित अडखळते आणि मग वाढणे चालू राहते. हे मी सुचवले तेव्हा ते कोठून आले हे त्या मुलांना सांगितले नाही.

प्रवेश जमला की नाही हे पाहायला आम्ही एक सोपी परीक्षा केली. नाटक ठाऊक नसलेल्या चार जणांना तो प्रवेश वाचून दाखवला आणि फक्त विचारले, "थोरला कसा वाटतो?" चौघेही फसले असते, तर फट फार बारीक. चौघांनीही एका दमात तो खोटे बोलतो म्हटले असते, तर फार रुंद. दोघे म्हणाले बिचारा आईची काळजी करतो, एकजण म्हणाला आज जरा जास्तच गोड बोलतोय, चौथी होती माझी पत्नी, ती म्हणाली, "ह्याचं काहीतरी बिनसलंय, पण काय ते सांगता येत नाही." मंचावर पळी आणि छत्री यांची भर पडणार होती, म्हणून मला हे पुरेसे वाटले.

जत्रेच्या रात्री मी मांडवात मागे उभा होतो. प्रवेश आला. 'होतो' येऊन गेला आणि कोणी हलले नाही. पळी अडखळली. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी एक म्हातारी शेजारणीच्या कानाशी वाकली, पण तिला कमी ऐकू येत असावे, म्हणून ती मोठ्यानेच बोलली, "पैसे घेतलेत गो ह्यानं." छत्री यायला अजून एक प्रवेश होता.

नाटक संपल्यावर लेखक मुलगा मला शोधत आला. त्याला एकच विचारायचे होते: त्या आईला तेव्हाच कळते की छत्री आल्यावर? मी म्हणालो, तुला काय वाटते ते ठरव, पण लिहू नकोस. घरी पोचायला पहाट झाली. दाराशी आलो तेव्हा माझीही मान आपोआप खाली गेली, आणि मग आठवले की ही चौकट उंच आहे.